६६ डॉलरचा प्रिंटर

'छपाईतल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत' ही ओळ दुकानदार फार भाबडेपणानं वापरतात. किंमत चुकली, ती दुरुस्त केली, खाली एक माफी चिकटवली, झालं! पण मंडळी, माफी लावेपर्यंत मधल्या काळात जे घडलेलं असतं त्याचं काय? यावरचा सिंगापूरचा डिजिलँडमॉलचा खटला मला फार आवडतो, कारण त्याच्या मुळाशी आपल्याच धंद्यातली एक चूक आहे.

८ जानेवारी २००३. एक कर्मचारी प्रशिक्षणासाठी चाचणीच्या साइटवर काम करत होता. तिथे खोट्या किमती भरायच्या, म्हणून त्याने सरळ ६६ टाकलं. (आपण नाही का टेस्ट डेटामध्ये काहीही भरत!) आणि ते चुकून खऱ्या साइटवर चढलं. एचपीचा लेझर प्रिंटर, खरी किंमत ३,८५४ सिंगापूर डॉलर, आता ६६ डॉलर.

पाच दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. १३ तारखेला मध्यरात्रीनंतर मात्र बातमी पसरली आणि सकाळी कंपनीला पत्ता लागेपर्यंत ७८४ जणांनी मिळून ४,०८६ प्रिंटर मागवले होते. कंपनीने जाहिरात काढली आणि सगळ्यांना कळवलं, की किमतीत दुर्दैवी चूक झाली, माल देता येणार नाही.

पण घोळ असा, की प्रत्येक ऑर्डरला सर्व्हरने आपोआप 'खरेदी यशस्वी' असं उत्तर पाठवून टाकलं होतं. नुसती किंमत मांडणं म्हणजे साधारणपणे गिऱ्हाईकाला बोलावणं. 'ऑर्डर स्वीकारली' म्हटलं की करार. तो माणसाने पाठवला की स्क्रिप्टने, याने फरक पडत नाही. मागाहून आलेल्या माफीने झालेला करार पुसला जात नाही.

१,६०६ प्रिंटर मागवणारे सहा जण कोर्टात गेले. आणि हरले! २००४ साली हायकोर्टात, २००५ साली अपिलातही. माफीमुळे नव्हे हं. ही किंमत चुकीची आहे हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. त्यांचे त्या रात्रीचे चॅट, खरी किंमत शोधून पाहणं, सगळं कोर्टासमोर आलं. समोरच्याची चूक माहीत असून झडप घातली, तर तो करारच उरत नाही.

आता याच्या शेजारी ब्रिटनमधलं कोडॅकचं प्रकरण ठेवून पाहा. ३२९ पौंडांचा डिजिटल कॅमेरा १०० पौंडांना लागला होता, तोही 'खास सवलत' म्हणून. कोडॅकनेही आधी नकारच दिला. पण इथेही ऑर्डर पक्की झाल्याचे आपोआप निरोप गेले होते, आणि सवलत म्हटल्यावर १०० पौंड कोणालाही खरे वाटले असते. गिऱ्हाईकं अडून बसली. जानेवारी २००२ च्या अखेरीस कंपनीने मुकाट्याने १०० पौंडांतच कॅमेरे द्यायचं मान्य केलं.

म्हणून मी चेकआउटचा कोड लिहितो तेव्हा आपोआप जाणाऱ्या पत्रात 'ऑर्डर मिळाली' एवढंच लिहितो. 'स्वीकारली' हा शब्द माल बाहेर पडताना.