प्रस्तावना : नकाराची रेषा कुठे आखावी?

संख्याशास्त्र नव्याने शिकणाऱ्याची परिकल्पना-चाचणीशी पहिली ओळख बहुधा कोष्टकातून होते. 1.645 हा आकडा शोधायचा, नमुन्याच्या सरासरीशी ताडून पाहायचा आणि निकाल लिहायचा. पण रेषा तिथेच का आखायची, याहून चांगली चाचणी का नसावी, हा प्रश्न मनात तसाच राहतो. येर्झी नेमन आणि एगन पिअर्सन यांनी 1933 मध्ये त्याचे जे उत्तर दिले, ते समजायला फार मोठी गणिती तयारी लागत नाही. वाचकांनी त्यासाठी एकच उदाहरण नीट मनात धरावे.

एका सूतगिरणीत 40 काउंटच्या सुताच्या लडीची ताकद सरासरी 50 पौंड आहे. कापसाचे नवे मिश्रण ती 53 पौंडांवर नेईल, असा दावा आहे. ताकदीचे वितरण प्रसामान्य आहे आणि प्रमाण विचलन 6 पौंड आहे, हे जुन्या नोंदींवरून माहीत आहे असे समजू. नव्या मिश्रणाच्या 16 लडी तोडून पाहायच्या आणि माध्य 50 की 53 ते ठरवायचे. दोन्ही परिकल्पना साध्या आहेत, म्हणजे प्रत्येकीतून वितरण पूर्णपणे ठरते. माध्य खरोखर 50 असताना ते नाकारण्याची चूक शंभरात पाचदाच चालेल, अशी अट घालू. या अटीत राहून माध्य 53 असताना ते ओळखण्याची संभाव्यता जास्तीत जास्त व्हावी, एवढेच आपल्याला हवे आहे. या संभाव्यतेलाच चाचणीचे सामर्थ्य म्हणतात.

आता 0.05 ही खर्चायची ठरलेली रक्कम समजा. ज्या ज्या निरीक्षणसंचावर आपण नकार देणार, त्याची किंमत म्हणजे 50 धरून येणारी घनता, आणि त्यातून होणारी मिळकत म्हणजे 53 धरून येणारी घनता. शहाणा गिऱ्हाईक रुपयामागे जास्तीत जास्त मिळकत देणारा माल आधी उचलेल आणि पैसे संपताच थांबेल. नेमन-पिअर्सन प्रमेय हेच सांगते : दोन घनतांचे गुणोत्तर जिथे मोठे, तिथेच नकार द्या. यातला एखादा भाग सोडून तेवढ्याच किमतीचा दुसरा घेतला, तर मिळकत वाढू शकत नाही.

प्रसामान्य वितरणात या गुणोत्तराचा लघुगणक काढला की वर्गांची पदे एकमेकांना रद्द करतात आणि आपल्या उदाहरणात (4/3)(x̄ − 51.5) एवढेच उरते. सोळा आकड्यांपैकी निर्णयाला लागते ती फक्त त्यांची सरासरी. गुणोत्तर मोठे म्हणजे सरासरी मोठी. सरासरीचे प्रमाण विचलन 6/√16, म्हणजे 1.5. म्हणून रेषा 50 + 1.645 × 1.5 = 52.47 वर येते आणि त्यापलीकडचा सारा भाग नकारक्षेत्र ठरतो. माध्य 53 असेल तर सरासरी ही रेषा ओलांडण्याची संभाव्यता सुमारे 0.64 आहे. त्याच 0.05 च्या अटीत दोन्ही टोकांना नकार देणारी चाचणी घेतली, तर सामर्थ्य 0.52 वर उतरते. फक्त पहिल्या लडीवरून निर्णय घेतला, तर ते जेमतेम 0.13 उरते.

रेषा काढताना 53 हा आकडा कुठेच वापरला नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. पर्यायी माध्य 52 असो वा 55, ते 50 हून मोठे असेल तोवर नकारक्षेत्र तेच राहते, बदलते ते केवळ सामर्थ्य. माध्य घटल्याची शंका असेल तर मात्र क्षेत्र दुसऱ्या टोकाला जाते. म्हणूनच वाढ आणि घट या दोन्हींसाठी एकच सर्वोत्तम चाचणी मिळत नाही.

या प्रमेयाची मर्यादाही आरंभीच पाहून ठेवावी. 16 ऐवजी 100 लडी घेतल्या आणि अट 0.05 चीच ठेवली, तर रेषा 50.99 वर येते. समजा सरासरी 51 आली. ती 53 पेक्षा 50 च्या जवळ आहे आणि घनतांचे गुणोत्तर 50 च्या बाजूने साठपटींहून अधिक आहे, तरी चाचणी 50 नाकारते! यात प्रमेयाचा दोष नाही. दिलेल्या अटीत सर्वोत्तम काय, एवढेच ते सांगते. अट किती कडक असावी, हे चाचणी करणाऱ्याने ठरवायचे असते. नमुना एवढा मोठा असताना 0.05 ची ढिलाई मुळात नकोच होती.

वाचकांनी पुढच्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी 36 लडी धरून हीच आकडेमोड हाताने करावी. रेषा 51.645 वर आणि सामर्थ्य 0.91 च्या आसपास आले, तर पुढे प्रमाण विचलन अज्ञात असताना काय बिघडते, ते समजायला तुमची तयारी पुरेशी आहे.