पासवर्ड रीसेट केला तरी लॉगिन होत नाही? आधी काय तपासायचं?

Forgot password दाबलं. मेल आला. लिंक उघडून नवीन पासवर्ड टाकला, हिरव्या पट्टीत Password changed successfully असंही दिसलं. मग तोच पासवर्ड लॉगिनला टाकला, तर साइट म्हणते Invalid username or password.

अशा वेळी बहुतेक जण पुन्हा रीसेट करतात, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला अकाउंटच लॉक होतं आणि साधा गुंता मोठा होऊन बसतो. मी वेब अ‍ॅप्सच्या सर्व्हरच्या बाजूवर काम करते, त्यामुळे अशा तक्रारी सारख्या बघते. माझा अनुभव असा की रीसेट बहुतेक वेळा व्यवस्थित झालेला असतो. चूक असते ती एकतर आयडीत, नाहीतर बॉक्समध्ये प्रत्यक्षात गेलेल्या अक्षरांत. म्हणून नवीन पासवर्ड ठरवण्याआधी या दोन गोष्टी बघायच्या, आणि याच क्रमाने.

तो मेसेज नक्की काय सांगतो?

Invalid username or password हा मेसेज नीट वाचा. पासवर्ड चुकला असं तो म्हणतच नाही. दोघांपैकी काहीतरी एक चुकलंय, एवढंच म्हणतो. हे मुद्दाम केलेलं असतं. ‘आयडी बरोबर आहे, पासवर्ड चुकलाय’ असं साइटने सांगितलं, तर कोणाचं अकाउंट तिथे आहे ते परक्या माणसालाही एकेक आयडी टाकून शोधता येईल. त्यामुळे आयडी चुकला तरी तोच मेसेज आणि पासवर्ड चुकला तरी तोच.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘थोडासाच चुकला’ असं सर्व्हरला कळत नाही. नीट बनवलेली साइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्याच्यावर गणित करून एक लांबलचक मालिका बनवते आणि ती साठवते. तिला हॅश म्हणतात. नमुन्यासाठी SHA-256 या पद्धतीने दोन शब्दांचे हॅश काढले, तर त्यांची सुरुवात अशी दिसते:

```
password  ->  5e884898...
Password  ->  e7cf3ef4...
```

फरक फक्त पहिल्या अक्षराचा, पण निकालात काहीच साम्य नाही. पासवर्डसाठी साइट bcrypt सारख्या जास्त संथ पद्धती वापरतात, पण तत्त्व हेच. एक कॅपिटल अक्षर, एक जास्तीची स्पेस, आणि सर्व्हरच्या दृष्टीने तो पूर्ण वेगळा पासवर्ड असतो.

पहिली तपासणी: रीसेट कुठल्या अकाउंटचा झाला?

हा प्रश्न विचित्र वाटेल. माझं एकच अकाउंट आहे, मग कुठल्या म्हणजे काय? पण मोबाइल नंबरने एक, मेलने दुसरं आणि Sign in with Google वरून तिसरं, अशी एकाच साइटवर एकाच माणसाची अकाउंट्स सहज तयार होतात. जीमेल वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे.

@gmail.com च्या आधी येणारे डॉट जीमेल मोजतच नाही. म्हणजे खालचे दोन्ही पत्ते जीमेलसाठी एकच आहेत आणि दोघांचे मेल एकाच इनबॉक्समध्ये येतात:

```
nav.adnav@gmail.com
navadnav@gmail.com
```

पण बाकीच्या साइट्स अक्षर न् अक्षर जुळवून बघतात. त्यांच्यासाठी हे बहुतेक वेळा दोन वेगळे आयडी असतात.

माझ्या मामेभावाचं नेमकं हेच झालं. एका नोकरभरतीच्या साइटवर त्याचा अर्ज अर्धा भरलेला होता आणि शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. मागच्या वर्षी त्याने स्वतःच्या फोनवरून डॉट असलेल्या पत्त्याने नाव नोंदवलं होतं. या वर्षी सायबर कॅफेत नोंदणी केली, तेव्हा तिथल्या माणसाने पत्ता डॉट न देता टाकला. दोन अकाउंट्स झाली, पण मेल एकाच इनबॉक्समध्ये येत असल्यामुळे त्याला पत्ता लागला नाही.

रीसेट करताना त्याच्या फोनने डॉटवाला पत्ता आपोआप भरला. मेल आला, पासवर्ड बदलला, पण तो मागच्या वर्षीच्या अकाउंटचा. लॉगिन मात्र तो कॅफेतल्या प्रिंटवर बघून, डॉट नसलेल्या पत्त्याने करत होता. तिथला पासवर्ड अजून जुनाच होता, त्यामुळे नवीन चालण्याचा प्रश्नच नव्हता. असे तीन रीसेट झाले, आणि तिन्ही भलत्याच अकाउंटचे.

हे ओळखायचं कसं? रीसेटचा मेल उघडा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली to me असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारच्या बाणावर टॅप करा. To समोर जो पत्ता दिसेल, त्याच अकाउंटचा पासवर्ड बदललाय. मेलमध्ये वेगळा युजरनेम किंवा अर्ज क्रमांक दिला असेल, तर लॉगिनला तोच टाकायचा. आयडी पाठ आहे म्हणून मनाने टाकू नका, मेलमधला बघून टाका.

भावाने To मध्ये डॉट बघितला, त्या पत्त्याने लॉगिन केलं आणि पासवर्ड लगेच चालला. आत मात्र मागच्या वर्षीचा अर्ज निघाला. मग डॉट नसलेल्या पत्त्यासाठी नव्याने रीसेट मागवला. या वेळी अकाउंट बरोबर होतं, तरी लॉगिन होईना. ही झाली दुसरी पायरी.

दुसरी तपासणी: बॉक्समध्ये खरंच काय गेलं?

पासवर्डच्या बॉक्सशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून ते दाबा. भावाने दाबलं तर आत जुना पासवर्ड! त्याने तो टाईप केलाच नव्हता, फोनने भरला होता.

यामागचं कारण असं. पासवर्ड बदलल्यावर क्रोम विचारतं, नवीन सेव्ह करू का? घाईत आपण No thanks करतो, जुना तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी तोच भरला जातो. कधी आपण Save करतो तरीही घोळ होतो. बऱ्याच रीसेट पानांवर आयडीचा बॉक्सच नसतो, फक्त नवीन पासवर्डचे दोन बॉक्स असतात. मग हा पासवर्ड कुठल्या आयडीचा हे क्रोमला कळत नाही. ते नवीन पासवर्ड आयडीशिवाय वेगळा सेव्ह करतं आणि तुमच्या आयडीसमोर जुनाच राहतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही बॉक्स पूर्ण रिकामे करा आणि डोळा उघडा ठेवून हाताने टाईप करा. इन्कॉग्निटो उघडलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण क्रोम तिथेही सेव्ह केलेले पासवर्ड भरू शकतं. लॉगिन झाल्यावर क्रोमच्या Settings मध्ये Google Password Manager उघडून त्या साइटची जुनी नोंद काढून टाका. आयफोनवर हेच काम Passwords अ‍ॅपमध्ये होतं.

हाताने टाईप करूनही चालत नसेल, तर डोळा उघडा ठेवून तीन गोष्टी बघा.

पहिली, स्पेस. कीबोर्डची सूचना निवडली की शब्दामागे बऱ्याचदा स्पेस येते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवून ठेवलेला पासवर्ड कॉपी करतानाही ती चिकटते, आणि ती दिसत नाही. कर्सर शेवटी नेऊन एकदा बॅकस्पेस दाबा. शेवटचं अक्षर गेलं नाही, तर तिथे स्पेस होती. आयडीच्या बॉक्समध्येही हेच करून बघा.

दुसरी, मराठी अंक. मराठी कीबोर्डवर नोट्समध्ये पासवर्ड लिहून तिथून कॉपी केला असेल, तर आकडे देवनागरी असू शकतात. आपल्यासाठी `2` आणि `२` म्हणजे दोनच. कॉम्प्युटरसाठी पहिला U+0032 आणि दुसरा U+0968, म्हणजे दोन वेगळी अक्षरं.

तिसरी, लांबी. काही जुन्या साइट्सवर रीसेटचं पान लांब पासवर्ड घेतं, पण लॉगिनचा बॉक्स ठरावीक अक्षरांवर थांबतो. तुम्ही टाईप करत राहता आणि पुढची अक्षरं आत जातच नाहीत. डोळा उघडा असेल तर हे लगेच दिसतं. इथे मात्र पुन्हा रीसेट करावा लागतो. या वेळी 12 अक्षरांचा पासवर्ड ठेवा आणि त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साइटने सुचवलेलं एखादं चिन्ह वापरा.

आयडीही बरोबर, पासवर्डही बरोबर, तरी नाही?

मग अकाउंट लॉक झालं असण्याची शक्यता जास्त. ठरावीक वेळा चुकलं की साइट काही काळासाठी अकाउंट बंद ठेवते. त्या काळात बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि काही साइट्स लॉक झाल्याचं न सांगता तोच जुना मेसेज दाखवतात. प्रत्येक साइटचा नियम वेगळा असतो. मी साधारण अर्धा तास काहीही न करता थांबायला सांगते. मध्ये ‘एकदा बघू’ म्हणून टाकलेला चुकीचा पासवर्ड घड्याळ पुन्हा शून्यावर आणू शकतो.

थांबूनही पुन्हा लॉक होत असेल, तर दुसरं एखादं डिव्हाइस जुना पासवर्ड पाठवतंय का ते बघा. कॉलेजच्या आयडीबाबतीत हे हमखास होतं. वाय-फाय आणि पोर्टल दोन्हीला एकच आयडी असेल, तर पोर्टलवर पासवर्ड बदलला तरी फोनच्या वाय-फायमध्ये जुनाच सेव्ह असतो. फोन खिशात बसून तो परत परत पाठवतो आणि अकाउंट लॉक होत राहतं. त्या वाय-फायवर Forget करून नव्या पासवर्डने जोडा. जुन्या टॅबमधलं मेल अ‍ॅप किंवा घरच्या लॅपटॉपवर राहिलेलं लॉगिनही हाच उद्योग करू शकतं.

पुन्हा अडकलात तर हा क्रम

1. रीसेटचा मेल उघडून To मधला पत्ता बघा. लॉगिनला तोच आयडी टाका.
2. बॉक्स रिकामे करून, डोळा उघडा ठेवून हाताने टाईप करा. स्पेस, अंक आणि लांबी बघा.
3. अर्धा तास थांबा. वाय-फाय आणि इतर डिव्हाइसमधला जुना पासवर्ड काढा.
4. मगच पुन्हा रीसेट मागवा, तोही एकदाच. एकाहून जास्त मेल आले असतील तर सगळ्यात शेवटच्या मेलमधली लिंक वापरा, कारण नवीन लिंक आली की आधीच्या बहुतेक ठिकाणी रद्द होतात.

एवढं करूनही झालं नाही, तर अडचण साइटच्या बाजूची असू शकते. तेव्हा साइटवरच दिलेल्या हेल्पडेस्कला लिहा. सोबत आयडी, रीसेटची वेळ आणि मेसेजचा स्क्रीनशॉट द्या, पासवर्ड कधीच देऊ नका. आणि ‘कस्टमर केअर नंबर’ गूगलवर शोधून फोन करू नका. अशा शोधात खोटे नंबरही सापडतात, आणि तिकडचा माणूस ओटीपी मागतो किंवा स्क्रीन शेअर करायला लावतो. खरा हेल्पडेस्क यातलं काहीच मागत नाही.