हातचा आणि उसना: आठ बिटांच्या यंत्रावर बत्तीस बिटांचं गणित

आज एका छोट्या खुणेचा इतिहास पाहू. शाळेत आपण जिला 'हातचा एक' म्हणतो, तीच ही खूण. प्रोसेसरमध्ये तिला कॅरी फ्लॅग म्हणतात. जागा एकाच बिटाची, पण मोठ्या संख्यांचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

१९८१च्या अखेरीस केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आला. त्यात ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर होता, म्हणजे एका वेळी बेरीज करणार ती ० ते २५५ एवढ्याच संख्यांची. पण सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्याच्या बेसिक भाषेत पूर्णांक बत्तीस बिटांचे होते, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्याही पुढे जाणारे. त्या काळच्या बऱ्याच बेसिकमध्ये पूर्णांक बत्तीस हजारांच्या आसपास संपत. मग हे जमायचं कसं?

तर आपण कागदावर करतो तसंच. संख्येचे चार बाइट करायचे, सगळ्यांत लहान बाइट आधी ठेवायचा. प्रत्येक बाइट म्हणजे एक 'घर', फक्त दहाऐवजी २५६चं. ६५५३५ ही संख्या अशी मांडली जाते: २५५, २५५, ०, ०. आता तिच्यात १ मिळवा. पहिल्या घरात २५५ अधिक १, म्हणजे २५६. घरात ० उरतं आणि हातचा १. दुसऱ्या घरात २५५ अधिक ० अधिक हातचा, पुन्हा ० आणि हातचा १. तिसऱ्या घरात तो हातचा उतरतो. उत्तर ०, ०, १, ०, म्हणजे ६५५३६. मधे हातचा विसरला तर? उत्तर येतं ०, २५५, ०, ०, म्हणजे ६५२८०. बरोबर २५६ने कमी. उत्तर असं नेमकं २५६ने चुकलं, की पहिल्या आणि दुसऱ्या घरांमधला हातचा हरवला हे ओळखावं.

६५०२वर ते असं लिहितात:

```
      CLC
      LDX #0
      LDY #4
LOOP  LDA NUM1,X
      ADC NUM2,X
      STA NUM1,X
      INX
      DEY
      BNE LOOP
```

`ADC` हातच्यासकट बेरीज करतं, म्हणून सुरुवातीला `CLC`ने जुना हातचा पुसायचा. आता एक गंमत बघा. X आणि Y असे दोन मोजणारे कशाला? X चार झाला का, हे `CPX`ने विचारता आलं असतं. पण `CPX` कॅरी बदलून टाकतं, आणि आपला हातचा जातो! `INX` आणि `DEY` मात्र कॅरीला हात लावत नाहीत, म्हणून Y उलटा मोजायचा.

आता वजाबाकी. इथे आपल्याला १६४२पर्यंत मागे जावं लागतं. पास्कलच्या गणनयंत्राची चाकं उलटी फिरत नसत. म्हणून वजा करायच्या संख्येचा प्रत्येक अंक नऊमधून वजा करून, त्या पूरक संख्येच्या आधारे बेरजेनेच वजाबाकी साधली जाई. ६५०२ हेच करतो: `SBC` दुसऱ्या संख्येचे बिट उलटे करून बेरीज करतं. पण उलटं केल्यावर एक कमी पडतो, तो कॅरीतून यायचा असतो. म्हणून वजाबाकीआधी कॅरी पुसायचा नाही, `SEC`ने १ करायचा.

६५५३६ वजा १ करून पाहू. पहिल्या घरात ० अधिक २५४ (हे १चं उलट) अधिक कॅरी १, म्हणजे २५५. कॅरी ०. दुसऱ्यात ० अधिक २५५ अधिक ०, पुन्हा २५५, कॅरी ०. तिसऱ्यात १ अधिक २५५, म्हणजे २५६. घरात ०, कॅरी १. चौथ्यात ० अधिक २५५ अधिक १, पुन्हा घरात ० आणि कॅरी १. उत्तर ६५५३५. म्हणजे ६५०२वर कॅरी ० याचा अर्थ 'उसना घेतला'.

१९७४च्या इंटेल ८०८०वर आणि मोटोरोला ६८००वर नेमकं उलट: तिथे कॅरी १ म्हणजे उसना. गंमत म्हणजे १९७५चा ६५०२ बनवणारे चक पेडल आणि त्यांचे सहकारी मोटोरोलातूनच आलेले! ६८००वर रुळलेला माणूस सवयीने वजाबाकीआधी `CLC` लिहितो, आणि वरचंच उत्तर ६५५३४ येतं. नेमकं एकने कमी. प्रत्येक वजाबाकी अशी एकने कमी येऊ लागली, की सुरुवातीची ओळ तपासावी.

शेवटचं एक. प्रत्येक घराची बेरीज झाल्यावर शून्याची खूण फक्त त्याच बाइटबद्दल बोलते. आपल्या ६५५३६मध्ये चौथा बाइट ० आहे, पण संख्या शून्य नाही. पूर्ण संख्या शून्य आहे का हे पाहायचं, तर चारही बाइट `ORA`ने एकत्र करूनच विचारावं लागतं. कॅरी घरामागून घर पुढे जातो, शून्याची खूण तशी जात नाही.