शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ : प्रेक्षक-परिणामाची तपासणी

एकाच यूट्यूब चॅनेलवर मोठ्या व्हिडिओंच्या जोडीला छोट्या उभ्या क्लिप टाकल्यावर त्या क्लिप मोठ्या व्हिडिओंचा प्रेक्षक खातात की त्यांना नवा प्रेक्षक आणून देतात, हे आकड्यांवरून ठरवण्याची रीत. एकाच चॅनेलवर दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. त्यामुळे तपासणीत प्रत्यक्षात शोधायची असते ती दोन्हींची वजाबाकी.

पार्श्वभूमी : भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. क्लिपची मर्यादा आधी ६० सेकंदांची होती; ऑक्टोबर २०२४ पासून ती तीन मिनिटांची झाली. शॉर्ट्समुळे मोठे व्हिडिओ मागे पडतील अशी धास्ती यूट्यूबच्या काही वरिष्ठांनाही वाटत असल्याचे वृत्त ‘फायनान्शियल टाइम्स’ने सप्टेंबर २०२३ मध्ये दिले होते. क्लिपमधून आलेल्या सबस्क्रायबरांमुळे शिफारस-यंत्रणा मोठ्या व्हिडिओंना मागे ढकलते का, याबद्दल चॅनेल चालवणाऱ्यांत एकमत नाही.

फसवे आकडे : सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती थंबनेलवर क्लिक होण्याच्या प्रमाणातील घट. समजा, एका मुलाखतीच्या चॅनेलवर क्लिप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भागाचे थंबनेल ४०,००० वेळा दिसत होते आणि ६ टक्के वेळा त्यावर क्लिक होत होते, म्हणजे २,४०० व्ह्यूज. क्लिपनंतर ते ७०,००० वेळा दिसू लागले आणि क्लिकचे प्रमाण ४ टक्क्यांवर आले, म्हणजे २,८०० व्ह्यूज. प्रमाण घसरले, पण पाहणारे वाढले. क्लिपवरून आलेल्या, चॅनेलची फारशी ओळख नसलेल्या लोकांपुढेही थंबनेल जाऊ लागल्याचा हा परिणाम असू शकतो. सबस्क्रायबरांच्या संख्येने व्ह्यूजना भागून काढलेले प्रमाण याच कारणाने फसवते. प्रेक्षक खाल्ला गेला असे म्हणायचे तर जुन्या प्रेक्षकांची प्रत्यक्ष संख्या घटलेली दिसली पाहिजे.

उलट बाजूचा फसवा आकडा म्हणजे दोन्ही प्रकार पाहणाऱ्यांची संख्या. यूट्यूब स्टुडिओच्या प्रेक्षक-विभागात किती जण फक्त शॉर्ट्स पाहतात, किती जण फक्त व्हिडिओ आणि किती जण दोन्ही, हे पाहता येते. हा सामाईक भाग वाढला की क्लिपने माणसे आणली असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पण मोठे व्हिडिओ पाहणारे जुनेच लोक आता क्लिपही पाहू लागले, तरी तो भाग तितकाच वाढतो. आधी काय पाहिले आणि नंतर काय, हे त्या आकृतीत नसते.

क्लिपच्या व्ह्यूजबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ३१ मार्च २०२५ पासून क्लिप सुरू झाली किंवा पुन्हा फिरली की एक व्ह्यू धरला जातो. जुन्या पद्धतीच्या जवळचा आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने वेगळा दिला जातो. त्या तारखेच्या दोन बाजूंचे साधे व्ह्यूज शेजारी ठेवून केलेली तुलना निरर्थक ठरते.

तपासणीची आखणी : क्लिप सुरू करण्यापूर्वीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने, ही तुलना सर्वाधिक केली जाते आणि सर्वांत कमी भरवशाची असते. परीक्षा, सण, क्रिकेटचे सामने आणि पाहुण्यांची नावे हे सगळे तीत मिसळलेले असते. ज्या भागांच्या क्लिप झाल्या ते भाग जास्त चालले, हा पुरावाही लंगडा आहे. कारण क्लिप बहुधा रंगलेल्या भागांचीच कापली जाते.

यावर उपाय म्हणजे निवड माणसाच्या हातात न ठेवणे. सारख्या वजनाचे दोन-दोन भाग जोडीने घ्यावेत आणि कोणत्या भागाची क्लिप करायची हे नाणे उडवून ठरवावे. क्लिपला मूळ भागाचा ‘रिलेटेड व्हिडिओ’ दुवा जोडावा. ही सोय २०२३ मध्ये आली. त्याच सुमारास शॉर्ट्सच्या वर्णनातील आणि प्रतिक्रियांतील दुव्यांवर क्लिक होणे बंद करण्यात आले.

मोजताना भागाचे एकूण व्ह्यूज धरू नयेत. सबस्क्रिप्शन फीड आणि घंटीच्या सूचना या वाटांनी पहिल्या सात दिवसांत आलेले व्ह्यूज वेगळे काढावेत, कारण या वाटांनी मुख्यतः ओळखीचे लोक येतात. स्टुडिओ एकेका प्रेक्षकाची माहिती देत नाही, म्हणून जुन्या प्रेक्षकासाठी हा जवळचा पर्याय वापरावा लागतो. त्याचा दुसरा फायदा असा की भागागणिक तो कमी डोलतो.

उदाहरण : वरच्याच कल्पित चॅनेलने सोळा भाग घेतले, आठांची क्लिप केली, आठांची केली नाही. क्लिप नसलेल्या भागांना जुन्या वाटांनी सरासरी २,००० व्ह्यूज आले, क्लिप असलेल्यांना १,७००. घट ३०० व्ह्यूजची. दुव्यावरून मात्र प्रत्येक भागाला ४५० व्ह्यूज मिळाले. व्ह्यूजच्या हिशोबात क्लिप १५० ने फायद्यात आहे. आता पाहिलेला वेळ घ्यावा. जुना प्रेक्षक सरासरी सात मिनिटे थांबतो, दुव्यावरून आलेला दोन मिनिटे. गमावलेला वेळ २,१०० मिनिटे, म्हणजे ३५ तास. मिळालेला ९०० मिनिटे, म्हणजे १५ तास. प्रत्येक भागामागे २० तासांचा तोटा. एकाच माहितीवरून एकक बदलताच निष्कर्ष उलटतो. म्हणून एकक तपासणीपूर्वीच ठरवून ठेवावे. दुव्यावरून आलेल्यांपैकी काही जण पुढच्या भागांना परत येतात, ही भर या हिशोबात धरलेली नाही. ती पाहण्यासाठी किमान दोन-तीन महिने थांबावे लागते.

तीनशेची घट खरी की योगायोगाची, हाही प्रश्न उरतो. जुन्या वाटांचे व्ह्यूज भागागणिक १५ टक्क्यांनी वरखाली होत असतील, तर आठ-आठ भागांच्या दोन सरासऱ्यांत सुमारे १५ टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. येथील घट नेमकी तितकीच आहे, म्हणजे अगदी सीमेवर. एकूण व्ह्यूज ४० टक्क्यांनी डोलत असतील आणि तेच मोजले असते, तर हाच फरक ओळखायला प्रत्येक बाजूला सुमारे सत्तावन्न भाग लागले असते. आठवड्याला एक भाग या वेगाने दोन वर्षांहून अधिक काळ. छोट्या चॅनेलवरील बहुतेक ठाम दावे येथेच गळून पडतात.

मर्यादा : जोडीच्या पद्धतीत एक मोठी फट आहे. एका भागाची क्लिप दुसऱ्या, क्लिप नसलेल्या भागाचाही प्रेक्षक खाऊ शकते. असे झाले की दोन्ही गट सारखेच खाली येतात आणि फरक शून्य दिसतो. हे पकडण्यासाठी सगळ्या चॅनेलवर काही आठवडे क्लिप आणि काही आठवडे क्लिप बंद, असा आलटून-पालटून क्रम ठेवावा लागतो. क्रम येथेही नाण्याने ठरवावा. टाकलेली क्लिप पुढेही काही आठवडे लोकांसमोर येत राहते, म्हणून दोन टप्प्यांमध्ये मोजणीबाहेरचा काळ सोडावा.

क्लिपचा प्रकार : मुलाखतीतील उत्तर पूर्ण देऊन टाकणारी क्लिप आणि प्रश्नाशी थांबणारी क्लिप यांची मोजणी वेगवेगळी करावी. पहिलीने भूक भागते, असा अनुभव चॅनेल चालवणारे सांगतात.

उत्पन्न : मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नातील ५५ टक्के चॅनेलला मिळतात, शॉर्ट्ससाठी फेब्रुवारी २०२३ पासून सामाईक निधीतील चॅनेलच्या वाट्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के. जाहिरात-उत्पन्नासाठी लागणाऱ्या ४,००० तासांत शॉर्ट्स फीडमधील वेळ धरला जात नाही.

स्वतंत्र क्लिप-चॅनेल : क्लिप दुसऱ्या चॅनेलवर टाकल्या की दोन्हींचे आकडे आपोआप वेगळे होतात, मात्र प्रेक्षकांची ये-जा मोजणे आणखी अवघड होते.