श्राव्य मराठी आणि जोडाक्षरांचा भार : बोलपटापासून ध्वनिफितीपर्यंत

मराठीच्या घडणीत जोडाक्षरे सैल होण्याची प्रक्रिया फार जुनी आहे. संस्कृतातील ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ झाला आणि मराठीत ‘सात’ झाला. ‘हस्त’ ‘हत्थ’वरून ‘हात’पर्यंत आणि ‘कर्म’ ‘कम्म’वरून ‘काम’पर्यंत आले. दोन भिन्न व्यंजनांचा संयोग आधी द्वित्तात विरला आणि पुढे द्वित्तही जाऊन मागचा स्वर दीर्घ झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. त्या सुमारास बळावलेल्या मुद्रित गद्याने मात्र तत्सम शब्द मोठ्या प्रमाणावर पुन्हा रूढ केले आणि १९६० नंतरच्या शासनव्यवहाराच्या परिभाषेने त्यांत भर घातली. हे गद्य डोळ्यांसाठी होते. वाचक अडला तर थांबू शकतो, मागे वळू शकतो. ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या वक्त्याला ती सवलत नसते. लिहिलेले वाक्य बोलण्याजोगे करून घेण्याचा प्रश्न मराठीत निकडीचा झाला तो या यंत्रामुळे.

त्यापूर्वी हा प्रश्न रंगभूमीपुढे होताच. राम गणेश गडकऱ्यांच्या अनुप्रासप्रचुर संवादांत जिभेची कसोटी लागते. तथापि तालमींमुळे ते संवाद नटाच्या मुखात बसत आणि एखादे अक्षर घसरले तरी प्रयोग पुढे जाई. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला तेव्हा परिस्थिती पालटली. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचा हा बोलपट मराठीबरोबर हिंदीतही काढण्यात आला होता. त्या काळी चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपले जात. त्यामुळे संवादात जीभ अडखळली, तर केवळ तेवढा शब्द दुरुस्त करण्याची सोय नव्हती. दृश्याचा तो तुकडा पुन्हा चित्रित करावा लागे आणि वापरलेली फिल्म वाया जाई.

नभोवाणीने हाच प्रश्न अप्रशिक्षित वक्त्यापर्यंत नेला. मुंबई केंद्र १९२७ मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. भाषणांच्या कार्यक्रमांत प्राध्यापक, वैद्य, शेतकी अधिकारी असे वक्ते स्वतःची संहिता घेऊन येत. पुढे चुंबकीय ध्वनिफीत आली, तेव्हा चूक कापून काढणे शक्य झाले. पण या सोयीलाही मर्यादा होती. फीत सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर वेगाने फिरत असेल आणि वक्ता सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारीत असेल, तर एका अक्षराच्या वाट्याला तीन-चार सेंटिमीटर फीत येते. दोन वाक्यांमधील शांततेत पाते सहज चालते. जोडाक्षराच्या मधोमध मात्र पहिल्या व्यंजनाचा स्फोट पूर्ण होण्याआधीच जीभ दुसऱ्या स्थानाकडे निघालेली असते, त्यामुळे तेथे कापण्याजोगी जागाच सापडत नाही. वाक्य आरंभापासून पुन्हा म्हणवून घ्यावे लागते, आणि एकदा अडलेला वक्ता त्याच शब्दाच्या धास्तीने पुन्हा तेथेच अडतो. म्हणूनच दुरुस्तीची खरी जागा कागद हीच ठरते.

ही दुरुस्ती कशी होते, हे कृषिविषयक भाषणात शोभेल अशा एका रचित वाक्यावरून पाहता येईल : ‘मृत्तिकेतील आर्द्रतेच्या न्यूनत्वामुळे द्विदल पिकांच्या उत्पादनक्षमतेत लक्षणीय ऱ्हास संभवतो.’ यातील ‘आर्द्रता’ या शब्दात र-द-र असा क्रम आहे. जिभेचे टोक हिरडीवर कंप पावते, दातांवर येते आणि लगेच पुन्हा हिरडीकडे जाते. एवढ्या थोड्या अवकाशात एकच अवयव जवळजवळच्या दोन स्थानांमध्ये येरझारा घालतो. तेथे ‘ओल’ हा शब्द ठेवला की अडचणच संपते. ‘न्यूनत्वामुळे’ हे भाववाचक नाम सोडून क्रियापद आणले की वाक्य असे होते : ‘जमिनीत ओल कमी राहिली, तर कडधान्यांचे पीक बरेच घटते.’ नामांची साखळी तुटली आणि श्वास घेण्यास मध्ये एक जागाही मिळाली.

परंतु येथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली अर्थाची. ‘उत्पादनक्षमता’ म्हणजे पीक देण्याची शक्ती, प्रत्यक्ष हाती आलेले पीक नव्हे. आणि ‘द्विदल’ या वर्गात भुईमूग, सोयाबीनही येतात, ज्यांना शेतकरी कडधान्य म्हणत नाही. वक्त्याला नेमका हाच भेद सांगायचा असेल, तर सुलभीकरणाने त्याचे म्हणणे बदलते. दुसरी गोष्ट उच्चाराची. ‘कडधान्य’ या शब्दात डोळ्याला ‘न्य’ एवढेच जोडाक्षर दिसते. उच्चारात मात्र ‘ड’मधील अकार लोपून ‘ड्ध’ असा मूर्धन्य-दंत्य संयोग तयार होतो. तरीही मराठी माणूस तेथे अडखळत नाही, कारण हा शब्द त्याच्या बालपणापासूनच्या सवयीचा आहे. जोडाक्षरांची मोजदाद पुरेशी नसते, ती यामुळे.

लिपी आणि उच्चार यांतील ही तफावत दोन्ही बाजूंनी फसवते. ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ हे शब्द लेखनात भारी दिसतात, पण बोलताना ‘त्त्व’ आणि ‘त्व’ यांत भेद उरत नाही. उलट, ‘मत देणे’ या लेखनात जोडाक्षर नाही. बोलताना मात्र ‘त’ आणि ‘द’ एकमेकांवर आदळतात आणि घाईत ‘मद्देणे’ असे काहीतरी ऐकू येते. असा छुपा संयोग शब्दांच्या सांध्यावर असतो आणि मोठ्याने वाचल्याशिवाय सापडत नाही. काही ठिकाणी तर मराठी जिभेने स्वतःच क्रम बदलून घेतला आहे : ‘ब्राह्मण’ बहुधा ‘ब्राम्हण’ असा आणि ‘जिह्वा’ ‘जिव्हा’ असा उच्चारला जातो, ‘चिन्ह’मध्ये तर हा बदल प्रमाण लेखनातच स्थिरावला आहे.

जे शब्द बदलता येत नाहीत, त्यांच्याबाबत शेजार बदलण्याचा उपाय उरतो. विशेषनामे, पदनामे, कायद्यातील संज्ञा या वर्गात येतात. ‘तीस स्त्रिया’ म्हणताना दोन सकार, तकार आणि रेफ सलग येतात. ‘स्त्रियांची संख्या तीस’ असे केले की तोच शब्द वाक्यारंभी, विरामानंतर येतो आणि जीभ मोकळेपणाने सुरुवात करते. जोडाक्षरापूर्वी स्वरान्त शब्द असला तरी काम होते. ‘तो स्पर्श’ म्हणताना ‘स’ मागच्या स्वराला टेकतो आणि संयोग दोन अक्षरांत वाटला जातो. ‘त्यास स्पर्श’ म्हणताना तो आधार मिळत नाही.

महाराष्ट्राबाहेर या कामाची एक निराळी परंपरा दिल्लीत दिसते. आकाशवाणीच्या दिल्लीहून प्रसारित होणाऱ्या मराठी बातमीपत्रांसाठी वृत्तनिवेदक आणि अनुवादक ही दोन्ही कामे एकाच पदावरील व्यक्तीकडे असत. मूळ मजकूर इंग्रजी आणि प्रसारण थेट, त्यामुळे पुन्हा म्हणण्याची संधी नाही. अनुवाद करणाऱ्याच्या हातून निसटलेले जड वाक्य काही वेळाने त्याच्या किंवा त्याच्या सहकाऱ्याच्या जिभेवर येई. लेखक आणि वक्ता यांच्यातील अंतर येथे जवळजवळ मिटले होते. भाषणांच्या ध्वनिमुद्रणात ते कायम राहिले, आणि तेथे संहिता हलकी करणाऱ्याला एक प्रश्न टाळता आला नाही : बदललेला शब्द वक्त्याच्या जिभेला सोपा झाला, पण त्याला जे सांगायचे होते तेच तो अजून सांगतो का?