कार्यबदलाचा खर्च

कार्यबदलाचा खर्च : एका प्रकारचे काम संपवून लगेच निराळ्या प्रकारचे काम हाती घेताना जाणारा जादा वेळ आणि त्या टप्प्यावर वाढणाऱ्या चुका. बँकांची प्रक्रिया केंद्रे, विमा दाव्यांचे विभाग, तांत्रिक मदतकक्ष अशा ठिकाणी कामे संगणकावरच्या रांगेतून एकामागून एक येतात. तिथे हा खर्च प्रत्येक पाळीत होतो, पण अहवालात त्याला वेगळा रकाना नसतो. तो पुढच्या केसच्या वेळेत मिसळून जातो आणि ती केसच अवघड होती असे दिसते.

संशोधनाचा मागोवा : या खर्चाचे पहिले पद्धतशीर मापन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. संख्यांच्या यादीवर एकच क्रिया करत जाण्यापेक्षा दोन क्रिया आळीपाळीने करायला लोकांना जास्त वेळ लागतो, असे त्यांना आढळले. १९७६ मध्ये स्पेक्टर आणि बीडरमन यांनी त्यात भर घातली. कोणती क्रिया करायची याची खूण प्रत्येक संख्येशेजारी छापली, की हा खर्च बराच कमी होतो. म्हणजे वेळेचा काही भाग ‘आता काय करायचे’ हे आठवण्यात जातो. रॉजर्स आणि मॉन्सेल यांच्या १९९५ च्या प्रयोगांत तयारीला पुरेसा अवधी देऊनही खर्च शून्यावर आला नाही. तो मुख्यतः बदलानंतरच्या पहिल्या कामावर पडला आणि पुढच्या कामांवर जवळपास उरला नाही.

घटक : प्रयोगशाळेत हा खर्च सेकंदाच्या अंशांत मोजला जातो. कचेरीत तो वाढतो, कारण तिथे डोक्यातल्या नियमांबरोबर समोरची साधनेही बदलतात. समजा, बँकेच्या प्रक्रिया केंद्रातील कर्मचाऱ्याकडे तीन प्रकारची कामे येतात : केवायसी अद्ययावत करणे, एटीएममधून रोकड न येता खात्यातून रक्कम वजा झाल्याच्या तक्रारी, आणि मृत खातेदारांच्या खात्यांवरील दावे. केवायसीत ओळखपत्र आणि पत्ता जुळवायचा असतो. एटीएमच्या तक्रारीत यंत्राची व्यवहारनोंद आणि रोकडीचा ताळमेळ पाहावा लागतो. दाव्यात मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन आणि वारसांची कागदपत्रे तपासायची असतात. प्रकार बदलला की स्क्रीन, तपासयादी आणि शंका घेण्याची दिशा, तिन्ही बदलतात.

दुसरा घटक मागच्या कामातून येतो. काम अर्धवट सोडले, की मन त्यातच रेंगाळते आणि पुढच्या कामाची गुणवत्ता घसरते, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले. वारसाचे एखादे कागदपत्र येण्याची वाट पाहत बाजूला ठेवलेला दावा त्यामुळे पुढच्या केवायसीवरही भार टाकतो.

मापन : सरासरी हाताळणी वेळेवरून (एएचटी) हा खर्च कळत नाही. त्यासाठी एकाच प्रकारच्या केसेसचे दोन गट करावे लागतात : आधीची केस त्याच प्रकारची असलेल्या, आणि आधीची केस वेगळ्या प्रकारची असलेल्या. दोन्ही गटांच्या सरासरी वेळेतला फरक हा बदलाच्या खर्चाचा अंदाज होय. चुकांचे प्रमाणही असेच वेगळे मोजता येते. मात्र केसेस रांगेच्या क्रमानेच घेतलेल्या हव्यात. कर्मचारी सोप्या केसेस वेचून सलग उरकत असेल, तर ‘सलग’ गट मुळातच सोपा ठरतो आणि फरक फुगलेला दिसतो.

उदाहरण : वरील तीन प्रकार सम प्रमाणात आणि कोणत्याही क्रमाने येत आहेत, आणि पाळीत ६० केसेस होतात, असे धरू. दोन केसेसमधले सांधे ५९ असतात. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे ३९ सांध्यांवर प्रकार बदलतो. एका बदलाला ४५ सेकंद जातात असे मानले, तर पाळीतील जवळपास अर्धा तास त्यातच संपतो. याच केसेस प्रत्येक प्रकाराचे दोन, असे सहा गट करून दिल्या, तर बदल फक्त ५ होतात आणि खर्च चार मिनिटांच्या आत येतो. गट आणखी मोठे केले तरी या चार मिनिटांतूनच काय ती बचत होणार. म्हणून अख्खी पाळी एकाच कामाला जुंपण्याची गरज नसते.

खर्च कमी करण्याचे मार्ग : गट करणे हा मुख्य उपाय आहे, पण ते कोणी करायचे याला महत्त्व आहे. अमेरिकेतील रेडिऑलॉजी तपासण्या वाचणाऱ्या डॉक्टरांच्या रांगांचा अभ्यास मारिया इबान्येझ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. सारख्या तपासण्या योगायोगाने लागोपाठ आल्या, तेव्हा डॉक्टरांचा वेग वाढला. पण रांगेचा क्रम मोडून त्यांनी स्वतः सारख्या तपासण्या एकत्र केल्या, तेव्हा वेग घटला. क्रम सोडून निवड करण्याचा खर्च सलगतेच्या फायद्यापेक्षा जास्त ठरला. आधी छोटी कामे उरकण्याची सवयही महाग पडली. त्यामुळे गट पाळीच्या सुरुवातीला टीम लीडने किंवा वाटप करणाऱ्या प्रणालीने लावून द्यावेत आणि कर्मचाऱ्याने समोर येईल ती केस घ्यावी, ही व्यवस्था अधिक किफायतशीर ठरते.

गट बदलण्याची वेळ चहा-जेवणाच्या सुट्टीशी जुळवली, तर मोडायची सलगता मुळात कमी उरते. सुट्टीहून परतल्यावर नव्या प्रकाराची तपासयादी आणि स्क्रीन आधी उघडून मगच पहिली केस घ्यावी. जिथे मिश्र रांग टाळता येत नाही, तिथे केसचा प्रकार पहिल्याच नजरेत दिसेल असा ठळकपणे दाखवावा.

केस मध्येच सोडावी लागली, तर कुठवर आलो आणि परतल्यावर पहिले पाऊल कोणते, हे एक-दोन ओळींत केसवरच लिहून ठेवावे. अशा टिपणामुळे मागच्या कामाची ओढ कमी होते, असे लेरॉय आणि ग्लोम यांच्या २०१८ च्या अभ्यासात आढळले. ‘प्रलंबित’ हा शेरा पुरत नाही. ‘दुसऱ्या वारसाची सही बाकी, आल्यावर नमुना सहीशी जुळवणे’ अशी नोंद उपयोगी पडते.

मर्यादा : गटासाठी केस थांबवून ठेवली, की ग्राहकाची प्रतीक्षा वाढते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या निर्देशांनुसार फसलेल्या एटीएम व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत जमा व्हावी लागते. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई देय होते. म्हणून मुदत जवळ आलेल्या केसेस गटाबाहेर काढून पाळीच्या आरंभीच वेगळ्या द्याव्या लागतात. पाळीच्या मधोमध येणाऱ्या खऱ्या तातडीच्या केसेससाठी एकच कर्मचारी नेमला, तर बाकीच्यांची सलगता टिकते. मात्र बदलाचा सगळा भार त्या एकावर पडतो, त्यामुळे ती जबाबदारी आलटून-पालटून द्यावी लागते.

दुसरी मर्यादा तोचतोपणाची. जपानमधील एका बँकेच्या गृहकर्ज अर्जांवरील कामाचा स्टाट्स आणि जिनो यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका दिवसात एकाच प्रकाराला चिकटून राहण्याने उत्पादकता वाढली, पण अनेक दिवसांच्या मुदतीत कामाची विविधता फायद्याची ठरली. त्यामुळे दिवसाच्या आत बदल कमी ठेवणे आणि दिवसागणिक काम पालटणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आठवड्याचे वाटपपत्रक करताना दोन्ही साधता येतात.