विझलेल्या पणतीला छायाचित्रात ज्योत देताना

गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील गाव. अशा मोकळ्या जागी दिवाळीच्या सायंकाळी अंगणात लावलेली पणती वाऱ्याने विझावी आणि नेमके त्याच क्षणी छायाचित्र टिपले जावे, हे सहज घडते. शेणाने सारवलेले अंगण, पांढरी रांगोळी, गेरूने रंगविलेले तुळशीवृंदावन, सारे काही चित्रात येते. ज्योत मात्र नसते. ती नंतर संगणकावर रेखाटता येते. परंतु बहुतेक वेळा चित्र फसते ते ज्योतीमुळे नव्हे, तर तिच्या उजेडामुळे. वर उल्लेखिलेले दृश्यच उदाहरण म्हणून घेऊन 'गिम्प' या मोफत उपलब्ध असलेल्या संगणक प्रणालीत हे काम कसे करावे, ते येथे दिले आहे.

आधी सायंकाळ हवी

पणतीच्या ज्योतीची प्रकाशतीव्रता साधारण एका मेणबत्तीएवढी असते. ३० सेंटिमीटरवरील, ज्योतीकडे तोंड करून असलेल्या पृष्ठभागावर तिचा उजेड सुमारे ११ लक्स पडतो. भरदिवसाचा उजेड दहा हजार लक्सहून अधिक असतो. त्यात हे ११ लक्स दिसणे शक्य नाही. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाशाचा उजेड तीन-चार लक्सपर्यंत उतरतो, आणि तेव्हाच दिव्याची आभा जमिनीवर उमटू लागते. म्हणून लख्ख प्रकाशातील चित्र प्रथम काळोखे करावे लागते.

मूळ चित्राचा थर `Duplicate Layer` ने दोनदा उतरवून घ्यावा आणि मूळ थर जसाच्या तसा राखावा. खालची प्रत `Colors > Curves` मध्ये बरीच गडद करावी आणि तिला किंचित निळसर छटा द्यावी. ही झाली सायंकाळ. वरची प्रत उजेडासाठी राखून ठेवावी.

उजेड रंगवू नये, उघडावा

नवशिके येथे नारिंगी रंगाचा मऊ कुंचला घेऊन पणतीभोवती गोल फिरवतात. त्यामुळे अंगणावर धुके पसरल्यासारखे दिसते आणि सारवणाचा पोत पुसला जातो. प्रत्यक्षात दिव्याचा उजेड वस्तूंवर लेप चढवीत नाही. तो त्यांचेच रंग प्रकट करतो. ज्योतीचा उजेड तांबूस-पिवळा असल्याने पांढरी रांगोळी पिवळसर होते, गेरू अधिक खुलतो आणि तुळशीची हिरवी पाने मात्र मंद, मातकट दिसतात.

हे साधण्यासाठी वरच्या प्रतीवर एक नवा थर घेऊन त्यात `ff9a3c` हा नारिंगी रंग भरावा, थराची पद्धत `Multiply` ठेवावी आणि `Merge Down` ने तो खालच्या प्रतीत मिसळावा. आता ही प्रत दिव्याच्या उजेडात न्हालेली दिसेल. तिची पद्धत `Addition` करावी आणि `Add Layer Mask` मध्ये `Black (full transparency)` निवडावे. काळ्या आच्छादनामुळे प्रत अदृश्य होते. मग आच्छादनावर मऊ कडांच्या पांढऱ्या कुंचल्याने, `Opacity` दहा-पंधराच्या आसपास ठेवून, जेथे उजेड पोहोचेल तेवढाच भाग हळूहळू उघडावा.

दिव्याखाली अंधार

उजेड कोठवर पोहोचेल, याचे उत्तर या जुन्या म्हणीतच आहे. समजा, पणती ७ सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर उंच आहे आणि वात एका बाजूच्या चोचीत, कडेपासून १ सेंटिमीटर आत आहे. ज्योत ३ सेंटिमीटर उंच धरली, तर तिचा मध्य जमिनीपासून ४ सेंटिमीटरवर येतो. मागची कड ज्योतीपासून ६ सेंटिमीटर दूर आहे. ज्योतीच्या मध्यातून निघून या कडेला घासून जाणारा किरण तेवढ्या अंतरात दीड सेंटिमीटर उतरतो. उरलेले अडीच सेंटिमीटर उतरण्यास त्याला आणखी १० सेंटिमीटर लागतात. ज्योतीच्या शेंड्यातून निघालेला किरण मात्र ५ सेंटिमीटरवरच जमिनीला टेकतो.

याचा अर्थ असा, की पणतीच्या मागे ५ सेंटिमीटरपर्यंत पूर्ण सावली पडते, तेथून पुढे ती विरळ होत जाते आणि दहाव्या सेंटिमीटरपलीकडे निम्म्याहून अधिक ज्योत जमिनीस दिसू लागते. चोचीच्या बाजूला हेच अंतर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर भरते. म्हणून आभा पणतीभोवती समान गोल कधीच नसते. ती चोचीच्या दिशेने पुढे सरकलेली असते आणि पणतीच्या बुडाशी अंधार असतो. पणतीची बाहेरची बाजूही अंधारीच राहते. उजळतो तो आतला काठ आणि तेलाचा पृष्ठभाग.

उजेड कमी होण्याचा वेगही सर्वत्र सारखा नसतो. ज्योतीकडे तोंड केलेल्या वृंदावनाच्या भिंतीवर अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो. जमिनीवर मात्र किरण तिरपे पडत जातात. त्यामुळे वरील पणतीबाबत १० सेंटिमीटरवरील उजेडाच्या तुलनेत २० सेंटिमीटरवर सुमारे सातवा हिस्साच उरतो. म्हणून दूरचे वृंदावन त्याच्या पायथ्याच्या अंगणापेक्षा अधिक उजळ दिसणे, हेच बरोबर होय.

शेवटी ज्योत

ज्योतीसाठी स्वतंत्र थर घ्यावा. `Paths` या साधनाने रुंदीच्या सुमारे तिप्पट उंचीचा थेंबासारखा आकार काढून तो भरावा. छायाचित्रात ज्योतीचा मध्य जवळजवळ पांढरा येतो, कडा पिवळ्या-नारिंगी असतात आणि वातीलगतचा भाग पारदर्शक, किंचित निळसर असतो. तळही तसाच ठळक भरला, तर ज्योत कागदाची कापून चिकटवल्यासारखी भासते. कडा `Gaussian Blur` ने एक-दोन पिक्सेल इतक्याच मऊ कराव्यात. वातीचे टोक काळे असावे. कधीच न पेटवलेल्या पणतीत ते पांढरे असते आणि तेवढ्यावरून लबाडी उघडी पडते. तेलात ज्योतीचे उलटे, पुसट प्रतिबिंबही द्यावे. पणत्या अनेक असतील, तर वारा एकच असल्याने सर्व ज्योती एकाच दिशेला कलाव्यात. मात्र एकच ज्योत सर्वत्र उतरवू नये.

काम साधले की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. ज्योतीचा थर क्षणभर लपवावा. केवळ उजेड आणि सावल्या पाहून ज्योत कोठे असावी हे सांगता आले, तर चित्र जमले. उजेडाला मध्य आहे पण दिशा नाही असे वाटले, तर आच्छादनावर काळा कुंचला घेऊन पणतीमागची सावली परत आणावी.

या पद्धतीला मर्यादाही आहे. मूळ चित्र फ्लॅशच्या उजेडात घेतलेले असेल, तर वस्तूंच्या मागे उमटलेल्या कठोर सावल्या ज्योतीच्या दिशेशी विसंगत ठरतात आणि गडद केल्यानेही त्या पुरत्या मिटत नाहीत. तसेच, घरच्या संग्रहासाठी वा शुभेच्छापत्रासाठी असा बदल करण्यास हरकत नाही. परंतु बातमीसोबत छापावयाच्या छायाचित्रात विझलेला दिवा विझलेलाच राहिला पाहिजे.